फाटकाची कडी

जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना सावकारांची काजूची नर्सरी लागते. चिऱ्यांचं कंपाऊंड, वर काचा रोवलेल्या आणि दोन खांबांमध्ये जुनं लोखंडी फाटक. फाटकाचं बिजागर झिजल्यामुळं ते आतल्या अंगाला रेलतं आणि कडी कोयंड्यात आवळून बसते. नवख्यानं कितीही हिसके दिले तरी ती सरकत नाही. आधी फाटक बाहेर ओढून धरायचं, मगच कडी सुटते.

रात्रीच्या राखणीला असलेल्या परशराममामांच्या डाव्या हातात कायम काठी आणि बॅटरी असायची. त्यामुळं मामा खांबाला पाठ लावायचे, डाव्या पायाचा चवडा गजात अडकवून फाटक ओढायचे आणि उजव्या हातानं, मध्ये एकदा थांबून कानोसा घेत, कडी सरकवायचे. आवाज म्हणून होत नसे. दिवसपाळीच्या बसप्पाला हे कधी जमलं नाही. तो फाटक हलवायला लागला की ते खणखणाट अख्ख्या वाडीला ऐकू जायचे.

नेमकं हेच मामांच्या अंगाशी आलं.

मे महिन्यात, रोपं विक्रीला निघायच्या तोंडावर, एका सकाळी फाटक सताड उघडं मिळालं. आत दोन मोकाट गाई. वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ ची कलमं प्लास्टिकच्या पिशव्यांत ओळीनं मांडलेली होती. त्यातली चाळीसेक त्यांनी शेंड्यापासून खाल्ली होती. कलमाचा जोड खुंटाच्या वर असतो. तोच मोडला की खाली उरतो तो निव्वळ रायवळ खुंट, त्याला गिऱ्हाईक नाही.

सावकार आले. ओळीतनं हिंडले. म्हणाले, "परशराम, कुलूप तोडलेलं न्हाई. कडी वाकलेली न्हाई. आवाज कुणी ऐकला न्हाई. आवाज न करता हे फाटक कुणाला उघडायला येतंय, सांग बघू."

"मालक, पाचला कुलूप काढलं, कडी लावली आणि मोटार चालू करायला मागं गेलतो. रोजच्यासारखं."

"म्हणजे कडी लावायला विसरलास."

"न्हाई विसरलो."

त्या महिन्याच्या पगारातनं दोन हजार कापले गेले. मामांनी पैसे मोजले, खिशात घातले आणि एक शब्द बोलले नाहीत. पैशापेक्षा 'विसरलास' हे त्यांना जास्त लागलं. राखणदाराला चोर म्हटलं तर तो भांडू तरी शकतो. विसराळू म्हटल्यावर त्याचं राखणदारपणच संपतं.

त्यानंतर मामांनी रात्री अक्षरशः डोळ्यांत तेल घालून काढल्या. त्या बाजूला जंगल लागूनच आहे. गवा रस्त्यावर येऊन उभा राहतो, काजूच्या बोंडांच्या वासानं अस्वलही फिरतं. मामांना दोन्हींची सवय होती. त्यांचं लक्ष माणसांवर होतं. कोण बिडी ओढत थांबलं, कुणाची मोटारसायकल हळू झाली, सगळं ते मनात टिपून ठेवत. माकडांचा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाही नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. माकड रात्री झाडावरनं उतरत नाही. अंधार पडला की कळप उंच फांदीवर एकमेकांना बिलगून बसतो तो उजाडेपर्यंत. राखणदाराची आणि माकडाची गाठ पडायची ती फक्त पहाटेच्या त्या अर्ध्या तासात, एकाची पाळी संपताना आणि दुसऱ्याची सुरू होताना.

फाटक पुन्हा उघडं मिळालं तेव्हा गाई नव्हत्या, पण आतल्या फणसाखाली गरे विखुरले होते. मामांनी चारखंड हातात घेऊन बघितलं. दातांच्या खुणा बारीक होत्या.

दुसऱ्या पहाटे मामांनी मोटार बसप्पाला चालू करायला लावली आणि स्वतः रस्त्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीमागं बसले. झुंजूमुंजू झालं. आधी कळपातले नर आले. सागाच्या फांदीवरनं काचांच्या वरून उडी, की थेट फणसावर. पोरंटोरंही तशीच गेली. मागं राहिली एक माकडीण. छातीला पिल्लू, आणि उजवा हात कोपरापासून नाही. लाईटच्या तारेला चिकटून असे हात जातात, त्या भागात अशी दोनचार माकडं दिसतातच. पिल्लू घेऊन एका हातानं ती उडी तिला झेपणारी नव्हती. झाडाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती रस्ता ओलांडून सरळ फाटकाशी आली.

खांबाच्या बाहेर आलेल्या चिऱ्यावर चढून ती बसली. पाठ खांबाला लावली. डावा पाय लांब करून गज पकडला आणि फाटक आपल्याकडं ओढलं. मग डाव्या हाताची बोटं कडीच्या टोकाला लावून हळूच सरकवली. मध्ये एकदा थांबून तिनं मोटारीच्या दिशेनं कान दिला. कडी सुटली. फाटक स्वतःच्या वजनानं आत गेलं, आणि ती पिल्लाला सावरत तीन पायांवर आत चालती झाली.

मामा जाळीमागनं उठलेच नाहीत. काट्यानं दंडाला ओरखडा आला होता तेही त्यांना कळलं नाही. ती पाठ, तो पाय, ते थांबून ऐकणं, सगळं त्यांचं होतं. बसप्पा दिवसभर त्याच फाटकाशी झगडायचा, पण त्याची रीत दोन हातांची. तिनं रोज झाडावरनं बघून निवडली ती एका हाताच्या माणसाची.

तिसऱ्या दिवशी मामांनी सावकारांना पहाटे बोलावून जाळीमागं बसवलं. बसप्पाही आला. माकडिणीनं चिऱ्यावर बैठक मारून पाय लांब केला तसा बसप्पा पुटपुटला, "अय्यो, मामा, हे तर तुम्हीच!"

सावकार बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "पकडणाऱ्याला बोलवू. पिंजऱ्यात घालून लांब सोडून येतील."

"पिल्लू अंगावर हाय मालक. एका हाताची बाई, नव्या रानात दुसऱ्या कळपानं घेतली न्हाई तर काय करंल? खिट्टी लावतो की मी कडीला. साखळीची खिट्टी."

"ती पण शिकली तर?"

"शिकंल. उशीर लागंल, खरं शिकंल." मामा जरा थांबले. "म्हणून म्हणतो, तिला आत यायचं कारणच ठेवू नका. फणस कुणी खायना झालंय, निम्मे झाडावरच कुजतात. रोज संध्याकाळी पिकलेला एक उतरवून ओढ्याकडच्या बांधावर ठेवतो. कळप तिकडंच थांबंल. रस्त्याच्या कडेला मात्र ठेवायचा न्हाई, गाडीखाली येतात."

सावकारांना ते पटत होतं, पण सहज मान हलवायची त्यांची रीत नव्हती. "आणि त्या फणसाचे पैसे? तुझ्या पगारातनं कापू?"

मामांनी काठी डाव्या हातातनं उजव्या हातात घेतली.

"कापा की. खरं मालक, आधी कापलेले दोन हजार द्या, मग त्यातनं कापा."

बसप्पानं हसू दाबायला तोंड वळवलं. सावकारांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, पाचशेच्या चार नोटा मोजल्या आणि मामांच्या हातावर ठेवल्या. फणसाचं पुन्हा कुणी काढलं नाही.