रुब्रिकबद्दल थोडं बोलायचं होतं

अनघा मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आठवीच्या विज्ञान प्रकल्पांचे गुण तुमच्याकडे देण्याआधी हे पत्र लिहिते आहे. स्टाफरूममध्ये विषय काढला असता, पण तिथे घंटा वाजते आणि बोलणं अर्धवट राहतं.

काल बाष्पीभवनाचे अहवाल तपासत होते. खिडकीजवळ बसणाऱ्या, घरी हिंदी बोलणाऱ्या त्या मुलीचा अहवाल हाती आला. तिने लिहिलंय : "ताटलीतला पाणी लवकर गेला कारण त्याचा तोंड मोठा होता. गिलासातला पाणी राहिला. दोघांत १०० मिली टाकला होता आणि एकाच खिडकीत ठेवला." खाली तीन दिवसांच्या मापांचा तक्ता, शेजारी नावं दिलेली आकृती. पाणी सारखं, जागा सारखी, बदललं ते फक्त पृष्ठफळ. आपण वर्षभर जे घसा कोरडा करून सांगतो ते तिने करून दाखवलंय. आपल्या रुब्रिकप्रमाणे तिला २० पैकी ९ पडले.

त्याच गठ्ठ्यातल्या एका मुलाने "सूर्याच्या तप्त किरणांनी जलबिंदूंना आकाशाची ओढ लागते" असं सुरेख लिहिलंय. माप एकही नाही. त्याला १६.

नऊ कसे झाले ते मी पुन्हा जुळवून पाहिलं. 'आकलन' या ओळीत आपण सर्वोच्च पातळीचं वर्णन 'संकल्पना अचूक व ओघवत्या भाषेत स्पष्ट करतो' असं केलं आहे. ओघ नाही म्हणून तिथे २. 'मांडणी'त 'निर्दोष वाक्यरचना' म्हटलंय, तिथे ३. 'भाषाशुद्धते'त १. तोंडी सादरीकरणात 'स्पष्ट उच्चार व आत्मविश्वास' आहे, म्हणून ३. एकच चूक, ती म्हणजे लिंगाची, आणि तिची वजावट तीन ओळींत झाली. हिंदीत नपुंसकलिंग नाही, पानी पुल्लिंगी, मुँहही पुल्लिंगी. 'उसका' म्हणताना ताटली स्त्रीलिंगी आहे की नाही हे बघावंच लागत नाही. म्हणजे ती निष्काळजी नाही, तिच्या घरच्या भाषेच्या नियमाने चालली आहे. (आणि 'ओघवत्या' हा शब्द जूनमध्ये मीच सुचवला होता, तेव्हा दोष तुमच्या माथी मारत नाही.)

द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. पहिली दोनेक वर्षांत जमते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. आपण मधल्या सुट्टीत या मुलांना फडाफडा बोलताना ऐकतो आणि 'मराठी येतं की हिला' म्हणून अहवालही तसाच हवा म्हणतो. मीही म्हणत होते.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं. 'आकलन'मधून भाषेचा शब्दच काढून टाकू आणि लिहू : 'कारण आणि परिणाम यांचा संबंध स्वतःच्या निरीक्षणाच्या आधारे दाखवतो, वाक्य, तक्ता किंवा नावं दिलेली आकृती यांपैकी काहीही चालेल.' भाषेचे ५ गुण ३ करू आणि उरलेले २ मापं व पुराव्याच्या मांडणीला देऊ, म्हणजे ती ओळ ७ ची होईल. भाषेच्या ओळीत 'अर्थ पोचतो का' हे पाहायचं, आणि एकाच प्रकारची चूक दहादा झाली तरी एकदाच मोजायची. 'पृष्ठफळ', 'बाष्पीभवन' असे शब्द चुकीच्या अर्थाने वापरले तर मात्र गुण कापायचे, कारण तिथे विज्ञान चुकतं. तोंडीमधून उच्चार आणि आत्मविश्वास काढू. लाजरं मूल मराठी घरातलं असलं तरी तिथे मारच खातं. त्याऐवजी विचारलेल्या दोन प्रश्नांना आपल्या प्रयोगातला दाखला देऊन उत्तर देता येतं का, ते बघू. हातात टिपणाचं कार्ड ठेवायला हरकत नसावी.

'मग मराठी सुधारणार कधी?' हे तुम्ही विचारणार, आणि ते रास्तच आहे. चुका मी अधोरेखित करतेच, करत राहीन. मराठीच्या पेपरात त्यांचे गुण जाऊ देत. विज्ञानाच्या गुणपत्रकावर मात्र तिच्या पालकांना 'विज्ञान कच्चं' असं वाचायला मिळतं, ते खोटं आहे. याबाबतीत मी मागे हटणार नाही. भाषेचे गुण ३ की ४, यावर हवं तर वाद घालू.

हे अहवाल मी नव्या ओळींनी तपासून पाहिले : तिला १४, त्या मुलाला १२. अर्थात मी एकटीने तपासलं, मनात कल आधीच होता. म्हणून सहा अहवालांच्या नावं झाकलेल्या प्रती तुमच्या कपाटात ठेवते. जुन्या आणि नव्या, दोन्ही रुब्रिकने स्वतंत्र गुण द्या, मीही देते. गुरुवारी चौथा तास आपल्या दोघींना मोकळा आहे, तेव्हा आकडे शेजारी ठेवून बघू. तोवर या वर्गाचे गुण मी पोर्टलवर भरत नाही.

तुमची,
सुनीता