चोर्ला घाटातली जुलैची सकाळ: शाईचित्रासाठी प्रॉम्प्ट

एकरंगी शाईचित्र. उभं, २:३ प्रमाणात. वाळपईतल्या खाणावळीच्या भिंतीसाठी १२ × १८ इंचांत छापायचं आहे. फक्त काळी शाई आणि पाणी. कागद किंचित खरखरीत, शाई पिणारा, पांढरा; जुनाट पिवळेपणा नको.

विषय: चोर्ला घाटातून सत्तरीच्या खोऱ्याकडे पाहताना दिसणाऱ्या डोंगररांगा, पाऊस नुकताच थांबलेला. डोंगर सह्याद्रीचे: माथे सपाट, सड्यासारखे, खांदे लांब उतरते, मध्ये उभे कडे. सुईसारखे सुळके नकोत.

रांगा तीनच. जवळची डाव्या खालच्या कोपऱ्यात, सगळ्यात गडद, साधारण ८० टक्के काळी. मधली ४० टक्के. दूरची १० ते १५ टक्के, नुसता माथा ओळखू येईल एवढीच. कागदाचा निदान ६० टक्के भाग कोरा. उजवी बाजू आणि वरचा तिसरा हिस्सा पूर्ण मोकळा. तिथे ढग, पक्षी, सूर्य काहीच नको.

धुकं रंगवलेलं नको. धुकं म्हणजे शाई न लागलेला कागद. वरून करडा थर चढला की तो धूर दिसतो आणि कागदाचा उजेड मरतो. प्रत्येक रांगेचा माथा थोडा ठाम, पायथा मात्र खाली येता येता पाण्यात विरून कोऱ्या कागदात मिसळलेला. पुढच्या रांगेचा माथा त्याच पांढऱ्यातून वर येतो.

कडा मऊ, ओल्या कागदावर शाई पसरल्यासारख्या, कुठे कुठे पाण्याचा वाळलेला काठ दिसणारा. पण सगळंच मऊ झालं तर फोकस चुकलेला फोटो वाटेल. म्हणून जवळच्या कड्यावर पाच-सहा फटकारे कोरड्या कुंचल्याचे, मधून कागद दिसणारे, आणि त्याच कड्यावर बांबूचं एक बेट, पानं मोजून आठ-दहा ठिपक्यांत. झाड एवढंच.

मधल्या रांगेत एक धबधबा, रेषेने काढलेला नव्हे: दोन गडद डागांमध्ये सोडलेली पांढरी चीर, खाली जाऊन धुक्यात हरवणारी.

```
--ar 2:3 --style raw --stylize 50 --no color, text, red seal, pagoda, pine tree, boat, people, frame
```

दुसऱ्या फेरीसाठी, पहिलं चित्र भरगच्च आलं तर: रचना तीच, मधल्या रांगेचा उजवा अर्धा भाग पुसून कोरा कागद, जवळच्या रांगेतला तपशील निम्मा.

शाई सपाट करडी आली तर: जवळच्या कड्याच्या पोटात एकच अगदी काळा, ओला डाग, कडेला पसरलेला, बाकी छटा आहेत तशाच.