चौकटीवरचा डाग

भाद्रपद लागला की श्रीकांतच्या परभणीच्या घरात महालक्ष्म्यांची तयारी सुरू होई आणि त्या तयारीतील आपला वाटा आपण चोख उचलतो, याबद्दल त्याच्या मनात कधीच शंका नसे. जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत पंचवीस वर्षे देयके तपासण्यात गेल्यामुळे प्रत्येक गोष्टीची यादी करण्याची त्याला सवय होती. हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप, साड्यांचे फॉल, केळीचे खांब, केवड्याचे पान, शेवंतीची फुले आणि आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ, असे सारे काही तो दोन दिवस आधी घरात आणून टाकी, यादीवर खुणा करी आणि यादीची घडी घालून खिशात ठेवी. खिशात घडी गेली की त्याच्या दृष्टीने सण मार्गी लागलेला असे. त्या पिशव्यांतल्या डाळीचे पुरण, पिठाच्या करंज्या आणि भाज्यांचे सोळा प्रकार कसे होतात, हे त्याने कधी विचारले नव्हते. तसे विचारण्याची वेळ सुनंदाने त्याच्यावर कधी येऊ दिली नव्हती, हेही तितकेच खरे.

यंदा ऋचाची परीक्षा असल्यामुळे ती पुण्याहून येणार नव्हती. आईचे गुडघे तर दोन वर्षांपूर्वीच थकले होते. तिला खुर्चीत बसून वस्त्रमाळा करणे आणि सुताच्या सोळा पदरी दोऱ्यांना गाठी मारणे, एवढेच आता जमत होते. तरीही अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा-कनिष्ठा घरात आल्या त्या नेहमीच्याच थाटात. दारापासून देवघरापर्यंत हळदी-कुंकवाची पावले उमटली होती. मुखवट्याचे ताट हातात घेऊन सुनंदा एकेका खोलीत थांबत होती आणि शेजारच्या बायका घंटा वाजवत विचारत होत्या, ‘महालक्ष्मी आली, काय पाहिलंस?’ सुनंदा हसून उत्तर देत होती, ‘धान्याची कोठी पाहिली, दुभतं पाहिलं.’ श्रीकांतने त्याचे छायाचित्र काढून मुलीला पाठवले. त्या छायाचित्रातही सुनंदा हसतच होती.

भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला, बायका गेल्या आणि रात्री साडेनऊच्या सुमारास श्रीकांत मखरावरची दिव्यांची माळ लावण्यासाठी शिडीवर चढला. माळेचा अर्धा भाग लागत नव्हता. एकेक दिवा काढून तपासत राहण्याचे ते काम किचकट होते आणि त्यात त्याचा तासभर तरी मोडणार होता. शिडी ज्या कोपऱ्यात होती, तिथून स्वयंपाकघराचे दार आणि आतली निम्मी जमीन सरळ दिसत होती. एरवी तो त्या घरात एकतर पेपर वाचत बसलेला असे, नाहीतर बाहेर. इतका वेळ स्वयंपाकघराकडे तोंड करून तो कधी उभा राहिलेला नव्हता.

सुनंदा पाटावर बसून फुलोऱ्याच्या करंज्या भरत होती. कढईतले तेल तापले म्हणून ती उठली, घाणा टाकला, पुन्हा बसली. कुकरची शिट्टी झाली, ती उठली. आईने पाणी मागितले, ती उठली आणि तांब्या देऊन परत गेली. भिजवलेल्या डाळीचे पाणी बदलायचे राहिले होते, त्यासाठी ती पुन्हा उठली. प्रत्येक वेळी उठताना ती आधी डावा हात दाराच्या चौकटीला लावी, क्षणभर तशीच ओणवी राही आणि मग अंगाचा सगळा भार त्या हातावर घेऊन हळूहळू उभी राही. उभी राहिल्यावर चेहऱ्यावर काही नसे. मागे वळून कोणी पाहिले असते तर त्याला काम करणारी एक तरतरीत बाई दिसली असती.

श्रीकांतच्या हातातला दिवा हातातच राहिला, कारण चौकटीला तिचा हात नेमका जिथे टेकत होता, त्या जागी एक पिवळट, तेलकट डाग होता. त्या डागाला तो चांगला ओळखत होता. दर दसऱ्याच्या आधी घराला रंग देताना तो रंगाऱ्याला तिथे दोनदा हात मारायला सांगे, आणि वर्षभरात डाग पुन्हा उमटला की मुलांनी कुठेही हात लावू नयेत म्हणून कुरकुरे. मुलगी शिकायला बाहेर गेल्यानंतरही तो डाग येतच राहिला होता आणि तरीही तो कोणाचा, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

त्याला आषाढातली एक सकाळ आठवली. ‘टाच टेकवत नाही हो अलीकडे,’ असे सुनंदा म्हणाली होती. त्याने त्याच संध्याकाळी मलमाची नळी आणून दिली होती आणि विषय मिटला असे धरले होते. तिनेही तो पुन्हा काढला नव्हता.

तो शिडीवरून उतरला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

“माळ लागली का?” तिने मान वर न करता विचारले.

“राहू दे माळ. तू जरा आत जाऊन पड.”

“आता? अजून फुलोरा व्हायचाय, भाज्या निवडायच्यात. साडेतीनला उठून सोवळ्यातलं पाणी भरायचंय.”

“मग निदान खुर्चीवर टेकून बस थोडी.”

करंजीची कड मुडपणारी तिची बोटे थांबली. ती जे बोलली ते तक्रारीच्या सुरात नव्हते, आणि म्हणूनच कदाचित ते त्याला फार लागले. ती म्हणाली, “टेकून बसले की पुन्हा उठवत नाही. म्हणून बसतच नाही मी.”

श्रीकांत काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मला सांग, काय करू?”

“तुम्हाला सांगून करून घ्यायचं म्हणजे मला दोनदा काम. तुम्ही माळ लावा.”

यात राग नव्हता. इतक्या वर्षांचा तिचा अनुभव होता, आणि तो खोटा म्हणता येईल असे श्रीकांतला काहीच आठवेना. म्हणून त्याने पुढे काही विचारले नाही. कोपऱ्यातली भाज्यांची पाटी त्याने ओढून घेतली, हात धुतले आणि तो गवार मोडू लागला. पहिल्या मूठभर शेंगांच्या शिरा तशाच राहिल्या. सुनंदाने त्या न बोलता परत त्याच्यासमोर सरकवल्या. दुसऱ्या वेळी त्याने शिरा नीट काढल्या. भेंडी धुऊन नव्हे तर पुसून ठेवायची, अळू निवडायच्या आधी हाताला चिंचेचे पाणी लावायचे, लाल भोपळ्याची साल काढायला सुरी नव्हे तर विळी बरी, हे सारे त्याला त्या रात्री कळले. सोळा भाज्या म्हणजे पानावरचे सोळा चमचे असतात, असेच तो आजवर धरून चालला होता. त्या निवडायला किती वेळ जातो हे त्याच्या पाठीला आता समजत होते. अकरा वाजता त्याने पाय पसरला, तेव्हा त्याची कंबर भरून आली होती. सुनंदा सकाळपासून तशीच होती.

आई खुर्चीतून हे सगळे पाहत होती. दोऱ्याची गाठ मारता मारता ती म्हणाली, “त्या चौकटीला मीही धरायचे बरं का, श्री. माझा हात जरा खाली यायचा. तुझे वडील दरवर्षी तिथे चुना लावायचे.”

श्रीकांतने चौकटीकडे पाहिले आणि मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर खंत नव्हती, तिने फक्त माहिती दिली होती. त्याला मात्र पुढचे काही सुचेना. तो उठला, बाहेरच्या खोलीत गेला आणि त्याने धाकट्या भावाला फोन लावला.

“उद्या थेट जेवायला येऊ नकोस, सकाळी सातला ये. पुरण वाटायचंय आणि संध्याकाळी वाढायचंय. तू आणि मी. तुझ्या बायकोला कामाला जुंपू नकोस, ती पहिल्या पंगतीला बसेल.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. “दादा, वहिनीची तब्येत बरी आहे ना?” भावाने विचारले.

“बरी नाही,” श्रीकांत म्हणाला, आणि हे वाक्य आपण पहिल्यांदाच उच्चारतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले. “बरेच दिवसांपासून नाही. सण झाला की दवाखान्यात दाखवायचंय.”

सुनंदाने ते आतून ऐकले असावे, कारण तो परतला तेव्हा ती त्याच्याकडे पाहत होती. काही बोलली नाही. शेवटचा घाणा काढून तिने गॅस बंद केला आणि आपणहून म्हणाली, “मी दोन तास पडते. डाळ उपसून ठेवा. झाकण अर्धवट ठेवा, नाहीतर वास येतो.”

पूजेच्या दिवशी सगळे सुरळीत पार पडले असे नाही. भावाने पुरणयंत्राची चाळणी उलटी बसवली आणि अर्धा तास कोणाच्या लक्षात आले नाही. कटाच्या आमटीत मीठ दोनदा पडले, ते सावरायला सुनंदालाच यावे लागले. पोळ्या तिनेच लाटल्या, कारण त्या इतर कोणाला येत नव्हत्या. पण त्या तिने ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून लाटल्या. पुरणाच्या सोळा दिव्यांनी आरती झाली आणि पंगत मांडायची वेळ आली, तेव्हा दरवर्षीप्रमाणे ती पदर खोचून वाढायला निघाली. आईने खुर्चीतून हाक मारली, “सुनंदा, पहिल्या पंगतीला बस. देवीसमोर घरची सून उपाशी फिरते ते मला यापुढे बघवणार नाही.”

ती अवघडून बसली. पंगत चालू असताना दोनदा तिची उठण्याची धडपड झाली. एकदा कुणाचे पान तुपावाचून राहिले म्हणून, एकदा चटणीची वाटी कुठे आहे हे सांगायला. दोन्ही वेळा श्रीकांत तिथे पोहोचला होता. त्याने वाढलेली पोळी घडीवर फाटली होती. तिने ती तशीच खाल्ली, वर तूप मागून घेतले आणि शेजारी बसलेल्या जावेला म्हणाली, “गरम पोळी आज किती वर्षांनी खाते आहे, मलाच आठवत नाही.”

रात्री पाहुणे गेल्यावर पातेल्यांची रास मोरीत पडली होती. श्रीकांतने बाह्या सावरल्या आणि सवयीने खिशातून कागद काढला. उद्या मूळ नक्षत्रावर विसर्जन, त्याआधी दहीभाताचा नैवेद्य आणि हळदी-कुंकू. “उद्याचं सांग,” तो म्हणाला, “आणि फक्त आणायच्या वस्तू सांगू नकोस. करायचं ते सगळं सांग.”

सुनंदा खुर्चीवर बसली होती, पाय समोरच्या पाटावर ठेवून. सुरुवातीला तिला सुचेना, कारण ही कामे तिने कधी शब्दांत मोजलीच नव्हती. मग ती सांगू लागली. दही आज विरजायचे. मुखवटे चिंचेने घासून मऊ कापडात गुंडाळायचे. साड्या वाऱ्यावर टाकून घड्या करायच्या. कोठ्यांतले धान्य परत डब्यांत भरायचे. तो लिहीत होता आणि प्रत्येक ओळीपुढे कोणी करायचे त्याचे नाव घालत होता.

“आणखी?”

“पितळेची भांडी माळ्यावर चढवायची असतात,” ती म्हणाली, जराशी थांबली आणि तिने वाक्य पुरे केले, “आणि मला आता जिना चढवत नाही. मागच्या वर्षीही चढवत नव्हता.”

श्रीकांतने ते लिहून घेतले आणि पुढे आपले नाव घातले. मग डॉक्टरांकडे सोमवारी सकाळी जायचे की संध्याकाळी, ते त्याने तिला विचारले. ती म्हणाली, “सकाळी. संध्याकाळी माझे पाय फार सुजलेले असतात.”