उशीर माफ करून 31,200 रुपयांचा टीडीएस रिफंड मिळण्यासाठी अर्ज (असेसमेंट इयर 2022-23)

तारीख : 12 डिसेंबर 2025
मुक्काम : अंबाजोगाई तालुका, जिल्हा बीड

माननीय प्रधान आयकर आयुक्त साहेब यांना,

विषय : आयकर कायदा 1961, कलम 119(2)(बी) खाली उशीर माफ करून रिटर्न भरायची परवानगी मिळणेबाबत.

साहेब, सप्रेम नमस्कार. अर्ज मी सांगतेय आणि नातू मोबाईलवर टाइप करतोय, त्यामुळं भाषा घरचीच आहे, समजून घ्या. माझी जन्मतारीख कागदावर 1 जून 1958 आहे, म्हणजे मार्च 2022 ला मी सिनियर सिटीझन होते.

माझ्या आईकडून माझ्या नावावर आलेली जमीन हायवेच्या रुंदीकरणात गेली, त्याचे पैसे आले त्यातले 60 लाख मार्च 2021 मध्ये माझ्या एकटीच्या नावानं एफडीत ठेवले. एप्रिल 2021 ला फॉर्म 15एच द्यायचा होता, पण तेव्हा कोरोनाची दुसरी लाट, गावात घरटी एक आजारी, बँकेत जायचं कुणाला सुचणार? फॉर्म गेलाच नाही. मग त्या वर्षी 3,12,000 रुपये व्याज झालं आणि त्यावर 10 टक्के म्हणजे 31,200 टीडीएस कापला. बँकेची चूक नाही, फॉर्म नसल्यावर त्यांनी कापायचाच. पुढच्या वर्षापासून फॉर्म वेळेवर दिला, नंतर काही कापलं नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या घरचे सगळे कागद आमचे हे बघायचे. 31 जुलै 2022 च्या आत रिटर्न भरायचं म्हणून त्यांनी टीडीएसचं सर्टिफिकेट, पासबुक, सगळं एका कापडी पिशवीत लावून ठेवलं होतं. 9 जुलैला सकाळी ते गोठ्यात पडले, अर्धांगवायू झाला, लातूरला दवाखान्यात नेलं, वाचा गेली. चार महिने मी त्यांच्या खाटेपाशी होते साहेब, कधी लातूर कधी घर, आणि 21 नोव्हेंबर 2022 ला ते गेले. उशिरा रिटर्न भरायची शेवटची तारीख 31 डिसेंबर 2022 होती असं मला आता कळलं, त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते आणि मी घराबाहेरसुद्धा निघत नव्हते. टीडीएस कापलाय, तो परत मागता येतो, हे त्यांच्याशिवाय घरात कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यांना शेवटी बोलताच येत नव्हतं.

यंदा दिवाळीला घर झाडताना पेटीतून ती पिशवी निघाली. सर्टिफिकेट बघून नातवानं अंबाजोगाईच्या सीएंना दाखवलं, त्यांनी 26एएस काढला, त्यात ते 31,200 आजून तसेच दिसतात. ते म्हणाले आता पोर्टलवर साधं रिटर्न जात नाही, अपडेटेड रिटर्न भरलं तर त्यात रिफंड मागता येत नाही, तुमच्याकडं हा एकच रस्ता.

माझा हिशोब असा : व्याज 3,12,000, त्यातून 80टीटीबीचे 50,000 वजा, राहिले 2,62,000, आणि सिनियर सिटीझनला 3 लाखांपर्यंत टॅक्स नाही. शेतीचं थोडं उत्पन्न आहे, पण बाकीचं 3 लाखांच्या खाली असल्यानं त्यानं फरक पडत नाही. म्हणजे टॅक्स शून्य, कापलेलं सगळं माझंच. वजावटीआधीचं उत्पन्न 3 लाखांच्या वर होतं म्हणून रिटर्न भरणं गरजेचं होतं, ते मान्य करते, त्याची 1,000 रुपये लेट फी लागली तर त्यातून कापून घ्या. हे व्याज दुसऱ्या कुणाच्या उत्पन्नात धरायचं नाही, एफडीत दुसरं नाव नाही.

1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रक क्रमांक 11/2024 प्रमाणं असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो, माझी मुदत 31 मार्च 2028 पर्यंत आहे, आणि 1 कोटीपर्यंतच्या मागणीचा निर्णय आपल्याकडंच आहे. उशिराच्या रिफंडवर व्याज मिळत नाही हे मला मान्य आहे, मला फक्त कापलेले पैसे पाहिजेत. दवाखान्याचं थोडं देणं आजून आहे, ते त्यातून फेडायचंय.

तरी विनंती की उशीर माफ करावा आणि रिटर्न भरायला परवानगी द्यावी. आपल्या ऑर्डरनंतर आठ दिवसांत रिटर्न भरून व्हेरिफायसुद्धा करते. चौकशीला बोलावलं तर नातवाला घेऊन येईन, फक्त गुडघ्यामुळं जिने चढवत नाहीत, खाली बसायची सोय झाली तर बरं होईल.

सोबत जोडलंय : 26एएस, टीडीएस सर्टिफिकेट, बँकेचा व्याजाचा दाखला, पासबुकची प्रत, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा हिशोब, पॅन आणि आधारची प्रत.

वर लिहिलेलं सगळं खरं आहे.

आपली नम्र,
अर्जदार (पॅनच्या प्रतीवर सही केली आहे)