विषय : सुवर्णमहोत्सवी स्मरणिका – दर आणि कामाची व्याप्ती

आदरणीय शिंदे सर,
सादर नमस्कार.

काल आपलं फोनवर बोलणं झालं, रात्री तुमचा मेसेजही वाचला. १६० पानांचे माझ्या दराने ४८,००० होतात आणि समितीने ३२,००० मंजूर केले आहेत, म्हणजे पानाला २०० रुपये. सर, पानाला ३०० हा दर मला कमी करता येणार नाही. ३२,०००च्या आत बसेल एवढं काम मात्र नक्की करता येईल. ते कसं, हे पुढे लिहिते.

साताऱ्यातले प्रेसवाले १०० रुपयांत पान लावून देतात, हे खरं आहे आणि त्यांचा दर त्यांच्या कामाला योग्यच आहे. मजकूर जसा हातात येतो तसा ते पानावर बसवतात. तो वाचणं त्यात धरलेलं नसतं. माझ्या ३०० रुपयांत प्रत्येक पानाची दोन वाचनं आहेत, एक मांडणीच्या आधी आणि एक प्रूफवर. शिवाय जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणं, पानांची मांडणी आणि फोटोंची साफसफाई.

तुम्ही नमुन्याला पाठवलेला माजी मुख्याध्यापकांचा लेख मी पूर्ण वाचला. तो श्रीलिपीत टाइप केलेला होता, नंतर कुणीतरी युनिकोडमध्ये बदलून घेतला आहे. त्यात ‘दऱ्याखोऱ्यांतून चालत येणारी मुलं’ याचं ‘दर्याखोर्यांतून’ झालंय. पाटणच्या डोंगरातली पोरं समुद्रातून शाळेत आली! पुढे पोषण आहार शिजवणाऱ्या ‘आचाऱ्यांचा सत्कार’ आहे, तिथे ‘आचार्यांचा’ आलंय. दर्या काय, आचार्य काय, शब्द म्हणून दोन्ही बरोबर आहेत, त्यामुळे कॉम्प्युटर त्यांच्याखाली लाल रेघ ओढेलच असं नाही. माणसाने ओळ न् ओळ वाचली तरच हे सापडतं. या चार पानांत अशा एकवीस जागा निघाल्या. २०० रुपयांत काम घ्यायचं तर मला एक वाचन गाळावं लागेल, आणि पन्नास वर्षांतून एकदा निघणाऱ्या अंकात ते मला करायचं नाही.

आता व्याप्तीचं. १६० पानांत लेख आणि आठवणींची पानं १०४ आहेत. जाहिराती २४ आणि देणगीदार-माजी विद्यार्थ्यांची यादी ३२. जाहिराती बहुतेक तयारच येतात आणि यादी तुमच्या कार्यालयात एक्सेलमध्ये आहे. ही ५६ पानं प्रेसला थेट द्या. मी फक्त १०४ पानं करते, त्याचे ३१,२०० होतात. अंक आठ पानी फॉर्मवर छापायचा आहे. १०४ पानांचे तेरा फॉर्म होतात आणि ५६ चे सात, त्यामुळे यादी-जाहिराती शेवटी सलग घेतल्या की बांधणीत काही अडत नाही. या ५६ पानांचे प्रेसला काय द्यायचे ते समितीने वेगळं धरावं.

मात्र यादीतली नावं तपासायची जबाबदारी मग शाळेची. देणगीदाराचं आडनाव चुकलं तर माणूस मनात ठेवतो. वर्गशिक्षकांकडून बॅचनुसार एकदा वाचून घ्या, एवढी विनंती.

तेवढ्यावरही समितीचं जुळत नसेल तर लेख निवडून ८० पानं करा, २४,००० होतील. पण १०४ ठेवावीत असं माझं मत आहे. गावातल्या बायकांनी सांगितलेल्या आठवणी या अंकात सगळ्यात मोलाच्या आहेत आणि कात्री लागली की आधी त्याच जातात.

१०४ पानांत लेखकांच्या दुरुस्त्यांची एक फेरी धरली आहे. त्यानंतर नवा मजकूर आला तर त्याच दराने, पानावर. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर कर लागणार नाही. निम्मे म्हणजे १५,६०० सुरुवातीला आणि उरलेले छपाईची फाइल देताना. पुढच्या वर्षीचा अहवाल मलाच देणार म्हणालात, आनंद आहे. त्याचा दर त्या वेळी त्या कामावरून ठरवू.

शनिवारपर्यंत होकार कळवलात तर सोमवारी सुरुवात करते. सगळे लेख १० ऑक्टोबरपर्यंत हातात आले, तर नोव्हेंबरअखेर फाइल प्रेसला जाईल.

आणखी एक. १९७९च्या पहिल्या एसएससी बॅचचा फोटो तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलात, तो जेमतेम ९० केबीचा आहे. छापला तर चेहरे पुसट येतील. मूळ फोटोच्या मागे पेन्सिलने नावं लिहिली आहेत म्हणालात ना? तो टपालाने पाठवू नका, हरवला तर दुसरी प्रत नाही. काम ठरलं की मी स्कॅनर घेऊन शाळेत येते, दोन्ही बाजू स्कॅन करून फोटो तिथेच तुमच्या हातात परत देते. तो खर्च दरात धरलेला आहे.

आपली,
मृणाल