सभा-संचालनाचे स्थायी नियम (सर्वसाधारण सभेपुढे ठेवावयाचा मसुदा)

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेल्या, धरमपेठ, नागपूर येथील आपल्या वाचनालय संस्थेची सभासदसंख्या शंभरीच्या आत आहे. तरीही सभा तीन-तीन तास चालतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात, निम्मे सभासद उठून गेल्यावर, महत्त्वाचे ठराव घाईने संमत होतात. हे टळावे, प्रत्येकाला बोलण्याची सारखी संधी मिळावी आणि मतदान नेमके कोणत्या शब्दांवर झाले हे इतिवृत्तावरून कोणालाही कळावे, एवढ्यासाठी नियम उपसमितीने हा मसुदा तयार केला आहे.

भाग एक : व्याप्ती

१. हे नियम वार्षिक व विशेष सर्वसाधारण सभांना लागू राहतील. कार्यकारिणीची बैठक अकरा जणांची असल्याने तिला वेळेची बंधने लागू नाहीत. मात्र उपसूचना व शिस्त यांविषयीचे नियम तेथेही पाळले जातील.

२. कायदा, संस्थेची घटना आणि हे नियम यांत विसंगती आढळल्यास कायदा प्रथम, घटना त्यानंतर आणि हे नियम शेवटी, असा क्रम राहील. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरत असल्यामुळे आपल्यापैकी अनेकांना विधिमंडळाच्या कामकाजाची चांगली ओळख आहे आणि सभेत त्याचे दाखले वारंवार दिले जातात. ते दाखले ऐकून घेण्यास हरकत नाही, परंतु विधिमंडळाचे नियम या सभेवर बंधनकारक नाहीत.

३. गणपूर्ती घटनेत ठरवून दिल्याप्रमाणे राहील. सभा सुरू असताना गणपूर्ती उरलेली नाही असे कोणीही निदर्शनास आणल्यास सभाध्यक्ष तत्काळ शिरगणती करतील आणि संख्या अपुरी असल्यास पुढील मतदान थांबवतील. आधी झालेले निर्णय त्यामुळे बाधित होणार नाहीत.

भाग दोन : बोलण्याची वेळ

४. ठराव मांडणाऱ्या सूचकास पाच मिनिटे, अनुमोदकास तीन मिनिटे, इतर प्रत्येक वक्त्यास तीन मिनिटे आणि चर्चेच्या शेवटी उत्तरासाठी सूचकास तीन मिनिटे मिळतील. उत्तरात नवा मुद्दा मांडता येणार नाही, कारण त्याला उत्तर देण्याची संधी मग कोणालाच उरत नाही. हिशेब मांडण्यासाठी कोषाध्यक्षांना दहा मिनिटे राहतील आणि हिशेबावरील प्रश्न प्रत्येकी दोन मिनिटांत विचारले जातील. उत्तराला लागणारा वेळ प्रश्नकर्त्याच्या वेळेत धरला जाणार नाही.

५. सभेच्या आरंभी सभाध्यक्ष कार्यकारिणीबाहेरील एका सभासदास वेळपाल नेमतील. वेळ संपण्यास एक मिनिट उरले असता घंटेचा एक ठोका आणि वेळ संपताच दोन ठोके दिले जातील. दुसऱ्या ठोक्यानंतर सुरू असलेले वाक्य पुरे करण्यास मुभा आहे, पण ते वाक्य एकच असावे. वेळपाल सर्वांना सारखीच घंटा वाजवतील. ज्येष्ठत्व, पद किंवा देणगी यांमुळे कोणाचीही वेळ वाढणार नाही.

६. एका ठरावावर सभासदाने एकदाच बोलावे. पुन्हा बोलण्याची परवानगी ज्यांनी अजून तोंड उघडलेले नाही अशा सर्वांना संधी मिळाल्यावरच देता येईल. स्वतःची वेळ दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही. "माझी तीन मिनिटे भाऊंना द्या" ही आपल्याकडची जुनी रीत सद्भावनेची असली, तरी तिच्यामुळे एकच वक्ता बारा मिनिटे बोलतो आणि गप्प राहिलेल्या तिघांचे खरे मत सभेला कळतच नाही.

७. कामकाजाची भाषा मराठी राहील. ज्यांना हिंदीत बोलणे सोयीचे वाटते त्यांना तशी पूर्ण मुभा आहे आणि त्यांच्यासाठीही वेळ तेवढीच राहील. ठराव व उपसूचना मात्र मराठीतच लिहून घेतल्या जातील; त्यासाठी सचिवांनी मदत करावी आणि त्यात गेलेला वेळ वक्त्याच्या वेळेतून वजा करू नये.

८. एप्रिल ते जून या काळातील सभा सायंकाळी साडेसहानंतरच बोलवाव्यात. सभागृहातील दोन्ही कूलर सुरू असता मागच्या रांगांना काही ऐकू येत नाही, म्हणून ठरावाचे वाचन व मतमोजणी चालू असेपर्यंत व्यासपीठाजवळचा कूलर बंद ठेवावा.

भाग तीन : ठराव व उपसूचना

९. विषयपत्रिकेवरील प्रत्येक ठराव लेखी असेल आणि त्यास एक सूचक व एक अनुमोदक असतील. अनुमोदन न मिळाल्यास ठरावावर चर्चा होणार नाही. इतिवृत्तात तेवढीच नोंद होईल.

१०. उपसूचना म्हणजे ठरावातील काही शब्द वगळणे, काही शब्द घालणे, किंवा काही शब्दांऐवजी दुसरे घालणे. ती लेखी असावी, तिच्यावर सूचक व अनुमोदक यांच्या सह्या असाव्यात आणि ती मूळ विषयाशी थेट निगडित असावी. शक्य झाल्यास ती सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत सचिवांकडे द्यावी; सभेतही देता येईल, पण तोंडी उपसूचना स्वीकारली जाणार नाही. कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या व पेन व्यासपीठाशेजारी ठेवण्याची जबाबदारी सचिवांची राहील, म्हणजे "कागद नव्हता" ही सबब उरणार नाही.

११. पुढील प्रकारच्या उपसूचना सभाध्यक्ष नाकारतील. ठरावाला केवळ नकार देणारी उपसूचना चालणार नाही, कारण नकारासाठी विरोधी मत पुरेसे आहे. ज्या मुद्द्यावर सभेने त्याच बैठकीत निर्णय दिला आहे तोच शब्द बदलून पुन्हा पुढे करणारी उपसूचना चालणार नाही. सूचनापत्रात दिलेल्या विषयाची व्याप्ती वाढवणारी उपसूचनाही चालणार नाही. जे सभासद सूचनापत्र वाचून घरी थांबले त्यांची दिशाभूल होऊ देणे हा सभेचा अधिकार नाही. संस्थेच्या उद्दिष्टांत बदल करणारी कोणतीही सूचना तर उपसूचना म्हणून मुळीच येऊ शकत नाही: १८६० च्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार त्यासाठी दहा दिवस आधी सभासदांकडे लेखी प्रस्ताव पोहोचावा लागतो, तीन-पंचमांश मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच बहुमताची पुष्टी लागते.

१२. एका वेळी एकच उपसूचना चर्चेस घेतली जाईल. उपसूचनेच्या सूचकास तीन मिनिटे व इतरांना दोन मिनिटे मिळतील. त्यावर बोलल्यामुळे मूळ ठरावावर बोलण्याचा हक्क जात नाही. उपसूचनेवर उपसूचना घेतली जाणार नाही. ज्याला वेगळे काही सुचवायचे आहे त्याने आपली चिठ्ठी आगाऊ द्यावी, म्हणजे पहिलीचा निकाल लागताच दुसरी घेता येईल.

१३. मतदान प्रथम उपसूचनेवर होईल. ती संमत झाल्यास ठराव त्याप्रमाणे बदलेल आणि बदललेला ठराव हाच यापुढे सभेपुढील ठराव समजला जाईल. ती फेटाळली गेल्यास ठराव पूर्ववत राहील. सर्व उपसूचना संपल्यावर ठराव अंतिम स्वरूपात पुन्हा वाचून दाखवला जाईल आणि त्यावर स्वतंत्र मतदान होईल. उपसूचना संमत झाली म्हणजे ठरावही संमत झाला असे नाही; गेल्या काही सभांमधला सर्वांत मोठा घोळ नेमका याच समजुतीतून झाला आहे, म्हणून पुढे उदाहरण दिले आहे आणि ते या नियमाचा भाग समजावे.

उदाहरण. सूचनापत्रातील ठराव असा : "वार्षिक वर्गणी ६०० रुपयांवरून ९०० रुपये करण्यात यावी." पहिली उपसूचना "९०० ऐवजी ७५०" अशी येते, ती व्याप्तीत बसते आणि संमत होते. दुसरी उपसूचना "करण्यात यावी" च्या आधी "विद्यार्थी सभासद वगळून" हे शब्द घालण्याची आहे. तीही संमत होते. तिसरी "९०० ऐवजी १,२००" अशी आहे. रक्कम सूचनापत्रातील कमाल आकड्याच्या पुढे जाते आणि त्या जागेचा निर्णयही पहिल्या उपसूचनेने लागलेला आहे, म्हणून ती नाकारली जाते. चौथी "वर्गणी वाढवू नये" अशी आहे. ती निव्वळ नकार असल्याने घेतली जात नाही. आता सभेपुढील ठराव आहे : "वार्षिक वर्गणी ६०० रुपयांवरून ७५० रुपये, विद्यार्थी सभासद वगळून, करण्यात यावी." ज्याने ७५० च्या बाजूने मत दिले त्याला या अंतिम ठरावाच्या विरोधात मत देण्याची मोकळीक आहे आणि यात काहीही विसंगत नाही : वाढ होणारच असेल तर कमी व्हावी, पण मुळात होऊच नये, असे एखाद्याचे मत असू शकते.

१४. सूचक व अनुमोदक दोघांनीही उपसूचना मान्य केली आणि सभेतून कोणीही हरकत घेतली नाही, तर मतदानाशिवाय ती ठरावात समाविष्ट होईल. एकाचीही हरकत आल्यास मतदान घ्यावे लागेल, कारण एकदा सभेपुढे आलेला ठराव सूचकाचा खासगी राहत नाही. ठराव मागे घेण्यासही सभेची संमती लागेल.

१५. किमान दहा सभासद बोलून झाल्यावर कोणीही "आता मत घ्यावे" अशी सूचना करू शकेल. विरोधी बाजूचे किमान दोन वक्ते बोलले आहेत याची खात्री झाल्यावरच सभाध्यक्ष ती चर्चेशिवाय मतास टाकतील.

१६. मतदान हात वर करून होईल. पाच सभासदांनी मागणी केल्यास ते चिठ्ठीने घ्यावे. समसमान मते पडल्यास सभाध्यक्षांना निर्णायक मत राहील. ते सहसा आहे ती स्थिती कायम ठेवण्याच्या बाजूने द्यावे आणि तसे न केल्यास कारण इतिवृत्तात नोंदवावे.

भाग चार : सुव्यवस्था

१७. बोलणाऱ्याने उभे राहून, सभाध्यक्षांना उद्देशून बोलावे. परस्परांचा उल्लेख भाऊ, काका, ताई असा करण्यास हरकत नाही. अरे-तुरे करता येणार नाही. सभाध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्यासह सर्वांनी बसावे.

१८. नियमभंग होत असल्यास कोणीही हरकतीचा मुद्दा उपस्थित करू शकेल. त्याने कोणता नियम मोडला जात आहे एवढेच एका मिनिटात सांगावे. "हे मला पटत नाही" हा हरकतीचा मुद्दा नव्हे. सभाध्यक्षांनी निर्णय लगेच द्यावा. पाच सभासदांनी त्या निर्णयास आव्हान दिल्यास उपाध्यक्ष आसन घेतील, दोन्ही बाजू प्रत्येकी दोन मिनिटे ऐकल्या जातील आणि सभा बहुमताने ठरवेल.

१९. ग्रंथपाल वा इतर सेवकांची वैयक्तिक बाब, वेतन किंवा वागणूक सर्वसाधारण सभेत नावानिशी काढता येणार नाही. अशी तक्रार सचिवांकडे लेखी द्यावी.

२०. असभ्य शब्द उच्चारणाऱ्यास सभाध्यक्ष प्रथम शब्द मागे घेण्यास सांगतील, नंतर नावानिशी ताकीद देतील. तरीही वर्तन न सुधारल्यास त्या सभासदाने उर्वरित सभेतून बाहेर जावे असा ठराव सभाध्यक्ष चर्चेशिवाय मतास टाकू शकतील. बाहेर काढण्याचा अधिकार सभेचा आहे, एकट्या सभाध्यक्षांचा नाही. गोंधळ सर्वत्र पसरल्यास सभाध्यक्ष पंधरा मिनिटांपर्यंत कामकाज थांबवतील. सभा दुसऱ्या दिवसावर तहकूब करण्यास मात्र बहुमत लागेल.

२१. सभेचे ध्वनिमुद्रण केवळ सचिव इतिवृत्तासाठी करतील आणि इतिवृत्त कायम होईपर्यंत जपतील. इतरांनी चित्रफीत काढून व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.

भाग पाच : अंमल व बदल

२२. एखाद्या विषयापुरता एखादा नियम स्थगित ठेवण्यास उपस्थितांच्या दोन-तृतीयांश मतांची गरज राहील. नियम ११, १३ व २० स्थगित करता येणार नाहीत. या नियमांत कायमचा बदल करावयाचा झाल्यास तो विषयपत्रिकेवर पूर्ण शब्दांत द्यावा लागेल.

२३. सर्वसाधारण सभेने संमत केल्यानंतरच्या पुढील सभेपासून हे नियम अमलात येतील. त्यांची एक प्रत वाचनालयाच्या सूचनाफलकावर आणि एक प्रत प्रत्येक सभेत वेळपालांच्या टेबलावर राहील.