विषय: हाताने बांधलेल्या वह्या – घाऊक दर, किमान नग आणि माल पाठवण्याच्या तारखा

नमस्कार मीनलताई,

तुमचा मेल काल मिळाला. दुकानात विक्रीसाठी वह्या ठेवायचं मनात आहे हे वाचून फार आनंद झाला. 12 डिझाइन, प्रत्येकी 5, अशा 60 वह्या तुम्ही विचारल्या आहेत. दर आणि अटी सविस्तर लिहिते, म्हणजे हिशेब करणं सोपं जाईल.

सगळे दर किरकोळ किमतीवर सूट या पद्धतीने आहेत. किरकोळ किमतींची यादी सोबत जोडली आहे.

24 ते 47 नग: 25 टक्के सूट
48 ते 119 नग: 35 टक्के सूट
120 आणि त्यापुढे: 42 टक्के सूट

नग मोजताना सगळी डिझाइन आणि आकार एकत्र धरते, त्यामुळे तुमच्या 60 वह्या मधल्या टप्प्यात बसतात. किरकोळ किंमत 100 धरली तर वही तुम्हाला 65 ला पडेल. वाहतूक आणि कर यात धरलेले नाहीत. वाहतूक प्रत्यक्ष वजनावर लागते आणि कागद जड असतो, म्हणून नफ्याचा अंदाज बांधताना तो खर्च आधी वजा करा. वजन करून नेमका आकडा मी बिलाआधीच कळवेन.

120 नगांचा दर आकर्षक दिसतो, पण पहिल्याच खेपेला तिथे जाऊ नका असंच मी सांगेन. तुमच्याकडे येणारे लोक कोणतं कव्हर उचलतात हे अजून तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. न खपलेल्या 40 वह्या कपाटात पडून राहिल्या, तर जादा सुटीतून वाचलेले पैसे त्यातच अडकतात. त्यापेक्षा पहिला माल विकून बघा. पहिल्या ऑर्डरनंतर 60 दिवसांत पुन्हा मागणी केलीत, तर फक्त 12 नग घेतले तरी 35 टक्क्यांचाच दर लावेन. जे खपलं तेवढंच भरून घेता येईल.

एक बदल मात्र करावा लागेल. एका डिझाइनच्या किमान 6 वह्या घ्याव्या लागतात, 5 देता येणार नाहीत. कव्हरचं कापड मी एका वेळी सहा वह्यांच्या मापाने कापते आणि पॅकिंगही सहाचंच आहे. त्यामुळे 12 ऐवजी 10 डिझाइन निवडा, एकूण 60च राहतील. माझं मत विचाराल तर साध्या रंगाची दोन कव्हरं नक्की ठेवा. भेट म्हणून घेणारे नक्षीची उचलतात, रोज लिहिणारे साधी.

आता तारखा. तयार असलेली डिझाइन पैसे जमा झाल्यापासून 3 कामाच्या दिवसांत निघतात. बांधून द्यायची असतील तर 12 कामाचे दिवस लागतात, रविवार सोडून. शिवण दोन-तीन दिवसांत होते, वेळ जातो तो वाळण्यात. खळ पूर्ण वाळायच्या आधी वही दाबातून काढली तर पुठ्ठा वाकतो आणि नंतर काही केल्या सरळ होत नाही. दमट हवेत याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. घाई असली तरी या टप्प्याला मी हात लावत नाही. वाकलेली वही तुमच्या गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ नये, एवढंच मला हवं आहे.

यादीतल्या सहा डिझाइनपुढे 'तयार' असं लिहिलं आहे. ती सगळी घेतलीत तर दहापैकी बाकीची चार करून द्यावी लागतील. तुम्हाला माल 25 तारखेपर्यंत हवा आहे. येत्या 2 तारखेपर्यंत निवड आणि निम्मी रक्कम आली, तर सगळा माल 17 पर्यंत एकत्र निघेल आणि वाटेतल्या दिवसांना पुरेशी जागा राहील. लक्षात घ्या, मी देते ती माल माझ्याकडून निघण्याची तारीख. पुढे पोचायला किती दिवस लागतील हे वाहतूकदारावर आहे, म्हणून मी आठवडा हाताशी ठेवला आहे. उरलेली रक्कम माल निघण्याच्या आदल्या दिवशी द्यायची. बांधणीचे फोटो त्याआधी पाठवेन.

कव्हरवर तुमच्या दुकानाचं नाव छापून हवं असेल तर एका डिझाइनचे किमान 100 नग आणि नमुना मंजूर झाल्यापासून 20 कामाचे दिवस लागतील. छपाईचा साचा वेगळा बनवावा लागतो, त्याहून कमी नगांत तो परवडत नाही. ते पुढच्या खेपेला पाहू.

वाटेत काही खराब झालं तर माल मिळाल्यापासून 3 दिवसांत खोक्याच्या फोटोसकट कळवा, तेवढे नग बदलून देईन. न खपलेला माल मात्र परत घेता येत नाही. आणि मी स्वतः ऑनलाइन विकते ते यादीतल्या किरकोळ किमतीलाच. तुम्ही माल ठेवलात की त्याच वह्या मी स्वस्तात विकून तुमची अडचण करणार नाही.

10 डिझाइनचे क्रमांक आणि माल पोचवायचा पत्ता कळवलात की त्याच दिवशी बिल पाठवते. कापडाचा पोत हातात घेऊन बघायचा असेल तर तसं सांगा, तुकडे टपालाने लगेच पाठवेन, त्याचे पैसे नाहीत.

आपली,
सुजाता

सोबत: किरकोळ किमतींची आणि डिझाइनची यादी